पहिल्या पुस्तकाचा लेखक परिचय : सत्तर शब्दांत माणूस कसा उभा करायचा

गिरगावातल्या एका छोट्या प्रकाशनासाठी मी संपादनाचं काम करते. हस्तलिखित पक्कं होतं, मुखपृष्ठाचं चित्र ठरतं, मलपृष्ठावरचा मजकूरही तयार होतो, आणि मग लेखकाला फोन जातो, "तुमचा परिचय पाठवा." तीनशे पानं लिहिलेला माणूस या एका कागदापाशी अडतो. दोन वर्षांपूर्वी एका काकांचा पहिला कथासंग्रह आमच्याकडे आला, तेव्हा त्यांच्या परिचयावर आम्ही तीन दुपारी बसलो होतो. तोच परिचय समोर ठेवून ही पद्धत सांगते. काकांचं नाव इथे घेत नाही.

त्यांनी पहिल्यांदा आणलेला कागद असा होता :

"जन्म : 4 जून 1960. शिक्षण : बी. ए. (द्वितीय वर्ष). नोकरी : महानगरपालिका (सेवानिवृत्त). लहानपणापासूनच वाचन व लेखनाची प्रचंड आवड. तळागाळातील माणसांचे जगणे अत्यंत संवेदनशीलतेने टिपणारे लेखन. विविध दिवाळी अंकांतून कथा प्रसिद्ध. अनेक पुरस्कारांनी सन्मानित. विविध सामाजिक संस्थांशी निगडित. छंद : वाचन, भटकंती, जुनी गाणी ऐकणे. परिवार : पत्नी, दोन मुले, सून, नात."

पहिल्यांदा लिहिणाऱ्या बहुतेकांचा कागद असाच असतो. तो लग्नाच्या बायोडेटासारखा दिसतो, कारण स्वतःबद्दल लिहिण्याचा तेवढा एकच नमुना आपण घरात पाहिलेला असतो.

आधी जागा मोजा

शब्द लिहायच्या आधी प्रकाशकाला एक गोष्ट विचारा : परिचय कुठे छापणार? पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकावर कागदी जॅकेट असतं आणि त्याच्या आत दुमडलेल्या कडेवर, म्हणजे फ्लॅपवर, परिचय जातो. आपल्याकडची बरीच पुस्तकं मात्र साध्या बांधणीची असतात. तिथे फ्लॅप नसेल तर परिचय मलपृष्ठाच्या खालच्या भागात बसतो, आणि तिथे पुस्तकाबद्दलचा मजकूर, किंमत, बारकोड आणि प्रकाशनाचं बोधचिन्ह हे सगळे आधीच जागा धरून असतात.

काकांच्या पुस्तकाला फ्लॅप होता. त्याची रुंदी सव्वातीन इंच होती; दोन्ही बाजूंनी पाव पाव इंच सोडल्यावर मजकुराला पावणेतीन इंच उरले. वर फोटो, त्याखाली नाव. दहा पॉइंटाच्या अक्षरात एवढ्या रुंदीच्या ओळीत मराठीचे साधारण पाच शब्द मावतात. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं, म्हणून आम्ही ते चौदा पॉइंट धरतो. अशा चौदा ओळींना जवळजवळ पावणेतीन इंच उंची लागते. म्हणजे हातात आले सत्तर शब्द. मलपृष्ठावरच्या पट्टीत कधी कधी चाळीसच मिळतात.

हा हिशेब आधी झाला नाही तर मांडणी करणारा माणूस दीडशे शब्द बसवायला अक्षर आठ पॉइंटावर आणतो, ओळी एकमेकींना चिकटतात आणि तो मजकूर चष्मा लावूनही वाचवत नाही. संगणकावर एक पान काढून, पावणेतीन इंचाचा रकाना करून, दहा पॉइंटात आपला मजकूर ओता आणि छापून बघा. पडद्यावर मोठं करून वाचलेल्या मजकुरावर विसंबू नका.

या पुस्तकाशी तुमचा संबंध कुठे जुळतो

माझ्यासाठी परिचयातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. पुस्तकाच्या दुकानात अनोळखी नावाचं पुस्तक हातात घेतलेला वाचक लेखकाचं सगळं आयुष्य विचारत नसतो. या माणसाला हे कुठून माहीत, एवढंच त्याला हवं असतं.

काकांच्या कथा चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या, पाण्याच्या रांगेतल्या माणसांच्या आहेत. मी विचारलं, "महानगरपालिकेत कुठल्या खात्यात होतात?"

"पाणी खात्यात."

"काम काय असायचं?"

"चावीवाला. व्हॉल्व्ह फिरवायचो. मॅडम, ह्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

मुंबईत पाणी सगळीकडे एकाच वेळी येत नाही. तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं पाणी शहरातल्या जलाशयांत येतं, आणि तिथून प्रत्येक भागाला ठरलेल्या वेळी सोडलं जातं. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह लांब दांड्याच्या लोखंडी चावीने फिरवणारी माणसं ही वेळ पाळतात. त्यांनी चावी फिरवली की गल्लीतल्या पन्नास घरांत हंडे हलतात. काकांनी बावीस वर्षं हे केलं होतं, रोज पहाटे त्याच गल्ल्यांतून, आणि त्यांच्या कागदावर त्याऐवजी होता एक शब्द : सेवानिवृत्त.

तेव्हा दुसरी पायरी अशी. एका कोऱ्या कागदावर नोकरी, गाव, घर, आजारपण, प्रवास, शिकवणारी माणसं, जे जे आठवेल ते लिहा. मग प्रत्येक ओळीसमोर विचारा : ही ओळ काढली तर या पुस्तकावरचा वाचकाचा विश्वास कमी होईल का? काकांच्या कागदावर बी. ए. चं दुसरं वर्ष काढलं तर काही बिघडत नव्हतं. परिवाराची ओळ मनाला जवळची असली तरी तिची जागा मनोगतात किंवा अर्पणपत्रिकेत आहे. जन्मतारखेचंही तसंच; वर्ष देणं ठीक, तारीख सगळ्या जगाला सांगायचं कारण नाही.

कामाचं नाव लिहिताना लोक तुम्हाला ज्या नावाने हाक मारत होते ते लिहा. 'कर्मचारी' या शब्दातून काहीच दिसत नाही, 'चावीवाला' म्हटलं की माणूस रस्त्यावर उभा राहतो. मात्र मुंबईबाहेरच्या वाचकाला तो शब्द कळणार नाही, म्हणून त्याला लागूनच अर्ध्या ओळीत काम सांगायचं. तुम्ही अजून सरकारी किंवा कंपनीच्या नोकरीत असाल तर पद आणि संस्थेचं नाव छापण्याआधी तिथला नियम बघून घ्या, लागत असेल तिथे लेखी परवानगी घ्या.

विश्वास तपासता येणाऱ्या गोष्टींनी बसतो

'अनेक पुरस्कारांनी सन्मानित' हे वाक्य मी प्रत्येक परिचयातून काढते. वाचकाने ते इतक्या वेळा वाचलेलं असतं की त्याची नजर त्यावरून घसरते, आणि ज्याची नजर थांबते त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो : कोणते? एक पुरस्कार असेल तर त्याचं नाव आणि वर्ष लिहा. प्रवेश शुल्क घेऊन वाटलेली सन्मानपत्रं असतील तर ती घरात जपा, पुस्तकावर नकोत. ज्यांना ती कशी मिळतात ते ठाऊक असतं, तेच लोक पुस्तकांच्या जगात निर्णय घेत असतात.

दिवाळी अंकांचंही हेच. मराठीत 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे नव्या लेखकाची ओळख होण्याची ही एक मोठी वाट आहे. म्हणून अंकात आलेली कथा हा खरा आधार आहे, पण तो नेमका सांगितला तरच. काकांना विचारल्यावर कळलं की 'विविध अंक' म्हणजे दोन अंक, 2015 आणि 2019. त्यांना वाटत होतं की दोन म्हटलं तर कमी दिसेल. मला उलट वाटतं. दोन कथा आणि त्यांची वर्षं वाचल्यावर वाचकाला कळतं की हा माणूस मोजून बोलतोय, आणि मग चावीवाल्याची बावीस वर्षंही तो खरी मानतो.

आधी काहीच छापून आलेलं नसेल तर त्याबद्दल काही लिहू नका. 'हा त्यांचा पहिला कथासंग्रह' एवढं साधं वाक्य पुरतं. 'छोटासा प्रयत्न', 'वाचक गोड मानून घेतील' ही भाषा मनोगतातही जपून वापरावी; परिचयात ती आली की पैसे देऊन पुस्तक घेणाऱ्याला आपण आधीच माफी मागतोय असं होतं.

विशेषणांबद्दल एकच सांगते. परिचय तृतीय पुरुषात असतो, जणू प्रकाशक बोलतोय. पण तो लेखकानेच लिहिलेला असतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे 'संवेदनशील लेखन' हे शब्द वाचकाच्या कानात 'मी संवेदनशील आहे' असे वाजतात. पुस्तकाची स्तुती करायची असेल तर ती प्रस्तावनेत किंवा मलपृष्ठावर दुसऱ्या कुणाच्या सहीने येऊ दे.

माहितीपर पुस्तकाला इथे जास्त कडक नियम लागतो. आहार, कायदा, गुंतवणूक अशा विषयांवर लिहिलं असेल तर पदवी, अधिकृत नोंदणी आणि कामाची वर्षं आधी, बाकी सगळं नंतर. नावाआधी 'डॉ.' असेल तर तो कशाचा हे स्पष्ट लिहा. मराठी साहित्यात पीएच.डी. केलेल्या व्यक्तीने मधुमेहावर पुस्तक लिहिलं आणि परिचयात नुसतं 'डॉ.' छापलं, तर वाचक त्यांना वैद्यकीय डॉक्टर समजून त्यातला सल्ला पाळेल.

ऊब एकाच तपशिलातून येते

काकांनी छंदांच्या ओळीत वाचन, भटकंती आणि जुनी गाणी लिहिली होती. ही ओळ माझ्या ओळखीच्या निम्म्या मुंबईला लागू पडते, म्हणून त्यातून कुणीच दिसत नाही. ऊब यायला असा एकच तपशील लागतो, जो फक्त या माणसाचा आहे आणि ज्याचा धागा पुस्तकाला लागतो.

आम्ही दोघं तो शोधत होतो आणि सापडत नव्हता. काकांनी सुचवलं, "पाऊस आवडतो." नंतर म्हणाले, "चहा लागतो दिवसातून सहा वेळा." दोन्ही खरं, पण कथांशी त्यांचा काही संबंध नव्हता. तिसऱ्या दुपारी काकू बरोबर आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "घरी ह्यांची कुठली सवय बदलली नाही?" त्या लगेच म्हणाल्या, "अहो, नळाला पाणी आलं की आधी घड्याळ बघतात. डोंबिवलीला आलो तरी तेच. पाच मिनिटं उशीर झाला की बोलून दाखवतात."

यात ते काम आहे, बावीस वर्षं आहेत, स्वभाव आहे, आणि कथांमधलं पाणी आहे. म्हणून माझा सल्ला असा, हा तपशील स्वतः शोधत बसू नका. घरच्यांना, जुन्या सहकाऱ्याला, लोकलच्या डब्यातल्या मित्राला विचारा. आपल्याला आपली सवय दिसत नाही, त्यांना रोज दिसते.

तपशील एकच ठेवा. दोन झाले की गोडपणा दाटतो. आणि तो खरा असू दे. परिचय छापल्यानंतर तुम्हाला ओळखणारी शंभर माणसं तो वाचणार आहेत.

पुस्तकाच्या विषयाचा तुमच्या जगण्याशी सरळ संबंध नसेल, समजा पंचविशीतल्या मुलीने ऐतिहासिक कादंबरी लिहिली असेल, तर पुस्तक कसं लिहिलं गेलं ते सांगा. 'या कादंबरीचा पहिला खर्डा त्यांनी 2020 ते 2023 या काळात कर्जत लोकलच्या प्रवासात लिहिला' यात चिकाटीही दिसते आणि माणूसही, आणि कुठलंही विशेषण लागत नाही.

वाक्यं जोडताना

नाव वर मोठ्या अक्षरात छापलेलंच असतं, म्हणून मजकुरात ते पुन्हा घेऊ नका. सत्तरातले दोन-तीन शब्द वाचतात. 'ते', 'त्यांनी' असं आदरार्थी बहुवचन वापरा. स्वतःबद्दल तसं लिहिताना संकोच वाटतो, पण मराठी कव्हरवर 'तो राहतो' हे वाचकाला खटकतं. आदर जड वाटत असेल तर कर्ता गाळा, मराठीत तो क्रियापदातून कळतो : 'लालबागच्या चाळीत वाढले.'

'होते' या क्रियापदाकडे लक्ष ठेवा. 'ते चावीवाले होते. त्यांना वाचनाची आवड होती' असं सलग आलं की श्रद्धांजली वाचल्यासारखं वाटतं. काळा मागचा पडदा, गंभीर चेहरा, पासपोर्टसाठी काढलेला फोटो वर असेल तर आणखीच. 'काम केलं' म्हणा आणि निदान एक वाक्य वर्तमानकाळात ठेवा. फोटोही घराच्या खिडकीशी, दिवसाच्या उजेडात काढलेला चांगला.

'सध्या', 'गेली बारा वर्षं', 'नुकतेच' हे शब्द पहिल्या आवृत्तीतच शिळे होतात. पुस्तक पाच वर्षं दुकानात राहू शकतं. 'गेली बारा वर्षं' ऐवजी '2012 पासून' लिहा. मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता परिचयात नको. आपल्याकडे ते छापायची पद्धत अजून आहे, पण ईमेल पुरे, आणि तोही आतल्या श्रेयनामावलीच्या पानावर.

काकांचा शेवटचा परिचय असा झाला. छापताना दोन्ही दिवाळी अंकांची नावं त्यात होती, इथे गाळली आहेत :

"लालबागच्या चाळीत वाढले. 1984 ते 2018 या काळात मुंबई महानगरपालिकेच्या पाणी खात्यात नोकरी केली. त्यातली 22 वर्षं चावीवाला म्हणून काम केलं : ठरलेल्या वेळी जमिनीखालचे व्हॉल्व्ह फिरवून वस्त्यांना पाणी सोडायचं आणि बंद करायचं. पहाटेच्या पाळीत नळांवर कानावर पडलेलं बोलणं ते घरी आल्यावर वहीत लिहून ठेवत. त्यांच्या दोन कथा 2015 आणि 2019 च्या दिवाळी अंकांत प्रसिद्ध झाल्या. हा त्यांचा पहिला कथासंग्रह. निवृत्तीनंतर डोंबिवलीत राहायला गेले. नळाला पाणी आलं की अजूनही आधी घड्याळ बघतात."

सत्तरेक शब्द आहेत. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे : कुठून आले, काय केलं, त्यातून लिहिणं कसं सुरू झालं, आधी काय छापलं, आणि शेवटी ती सवय. घड्याळाचं वाक्य सुरुवातीला टाकून पाहिलं होतं, पण काम माहीत नसताना ते नुसतं गमतीचं वाटत होतं. ते शेवटी नेलं तेव्हा त्याला वजन आलं. वहीचं वाक्य मी दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं. ते नसलं तर पाण्याच्या नोकरीवरून कथेवर वाचक उडी मारतो, मधली पायरी राहून जाते.

मजकूर झाला की तो दोन माणसांना वाचून दाखवा. एक तुमच्या कामातला : काकांनी जुन्या सहकाऱ्याला दाखवला, तेव्हा त्याने सेवेचं सालच दुरुस्त केलं, आधीच्या खर्ड्यात 1983 होतं. दुसरा तुम्हाला न ओळखणारा. त्याला वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवायला सांगा आणि विचारा, काय आठवतंय? काम किंवा तो एक तपशील त्याला सांगता आला तर परिचय जमला. 'चांगला आहे' एवढंच म्हणाला तर आठवण्यासारखं त्यात काही नाही.

छापायला जाण्याआधीची नजर

इथे खूप पुस्तकं फसतात, आणि त्याचं कारण साधं आहे. आतली पानं एकाकडे लागतात आणि मुद्रितशोधक ती तपासतो; कव्हर दुसऱ्या कलाकाराकडे बनतं आणि त्यावरचा मजकूर बरेचदा मुद्रितशोधकापर्यंत पोचतच नाही. तुम्ही युनिकोडमध्ये पाठवलेला परिचय कलाकार जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो, तेव्हा काही अक्षरं फुटतात. 'ऱ्या', 'ॲ', रफार, 'ष्ट' आणि 'क्त' ही जोडाक्षरं, आणि सगळे आकडे, एवढं तरी बोट ठेवून वाचा. काकांच्या कव्हरवर 'व्हॉल्व्ह' मधला अर्धा व गळला होता.

तुमचं नाव मुखपृष्ठावर, कण्यावर, शीर्षकपानावर, श्रेयनामावलीत, आयएसबीएनच्या अर्जात आणि परिचयावर अक्षर न अक्षर सारखं हवं. एकीकडे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि दुसरीकडे पूर्ण नाव असं झालं की ग्रंथालयाच्या नोंदीत दोन वेगळे लेखक तयार होऊ शकतात.

शेवटी कव्हराचं छापील प्रूफ मागा, मोबाइलवर आलेलं चित्र पुरेसं नाही. ते मूळ मापावर कापून, फ्लॅप दुमडून, एखाद्या जुन्या पुस्तकाला चढवून बघा. काकांच्या प्रुफावर खालचा काप बरोबर शेवटच्या ओळीवरून जात होता आणि 'घड्याळ बघतात' हे दोन शब्द अर्धे कापले गेले होते. कलाकाराने मजकूर वर सरकवला, फोटो थोडा लहान केला, आणि दुसऱ्या प्रुफावर चौदाच्या चौदा ओळी मोकळ्या दिसल्या.